शाडूच्या गणपतीचा व्हिडिओ: जोड जवळून दाखवा, थांबण्याची वेळ पडद्यावर लिहा

शाडूच्या मूर्तीचे बहुतेक व्हिडिओ सोंड आणि हात चिकटवण्याचा क्षण वेगाने पुढे नेतात, आणि पाहून मूर्ती करणाऱ्यांच्या मूर्तीला नेमक्या त्याच जागी तडा जातो.

१. मोबाइल मूर्तिकाराच्या खांद्यामागून, थोडा वरून लावा, म्हणजे पाहणाऱ्याला ते हात स्वतःचेच वाटतात. समोरून घेतल्यास डावे-उजवे उलटते.

२. सोंडेचा जोड मूळ वेगातच दाखवा. दोन्ही बाजूंवर टूथपिकने आडव्या-उभ्या रेघा ओढणे, शाडूचा दह्याइतका दाट घोळ लावणे, किंचित हलवत दाबणे आणि ओल्या बोटाने शिवण पुसणे, एवढे सारे अंगठ्याच्या नखापर्यंत स्पष्ट दिसले पाहिजे.

३. जिथे चित्रण तोडाल, तिथे प्रत्यक्ष गेलेला वेळ पडद्यावर लिहा. उदाहरणार्थ, 'धड बोटाने दबेनासे होईपर्यंत थांबलो: ३ तास'. पावसाळी हवेत हा वेळ वाढतो, म्हणून तासांसोबत बोटाची ही खूणही द्यावी.

४. शेवटी विसर्जन दाखवा: मूर्ती पूर्ण बुडेल एवढ्या पाण्याची बादली घ्या, विरघळल्यावर गाळ बसू द्या, वरचे पाणी काढा आणि शाडू वाळवून पुढच्या वर्षासाठी ठेवा.

मूर्ती आतून ओली राहिली तर ती पाण्यात लवकर विरघळत नाही, म्हणून विसर्जनापूर्वी ती सावलीत पूर्ण वाळलेली असावी. घाईने भट्टीत मात्र कधीही भाजू नये, कारण भाजलेली माती पुन्हा विरघळतच नाही.