बोअरची पंपिंग टेस्ट: पंप बंद केल्यावरच खरं रीडिंग घ्या

पंप चालू असताना डिस्चार्ज, म्हणजे उपसल्या जाणाऱ्या पाण्याचा दर, जरा जरी कमीजास्त झाला तरी ड्रॉडाऊनचे, म्हणजे पातळी किती खाली गेली त्याचे, पॉइंट वरखाली उडतात आणि सरळ रेष बसतच नाही, म्हणून ट्रान्समिसिव्हिटी, म्हणजे जमिनीखालचा थर किती पाणी वाहू देतो ते माप, मी नेहमी रिकव्हरीवरूनच, म्हणजे पंप बंद केल्यावर पातळी कशी परत चढते त्यावरूनच काढतो.

१. पंप बंद केल्या क्षणापासून पाण्याची पातळी मोजत राहा, सुरुवातीला दर मिनिटाला, नंतर सावकाश. मूळ पातळीपेक्षा ती अजून जेवढी खाली आहे तो उरलेला ड्रॉडाऊन.
२. पंप सुरू केल्यापासूनचा वेळ भागिले बंद केल्यापासूनचा वेळ. २४ तास पंप चालवला आणि बंद करून १६० मिनिटं झाली, तर १६००/१६० = १०.
३. सेमीलॉग कागदावर हे गुणोत्तर लॉग बाजूला, उरलेला ड्रॉडाऊन साध्या बाजूला. समजा १० ला १.२ मी आणि १०० ला २.३ मी, म्हणजे एका लॉग सायकलला, गुणोत्तर दहापट होताना, फरक Δs = १.१ मी.
४. सूत्र:

```
T = 0.183 × Q / Δs
```

सरासरी डिस्चार्ज Q दिवसाला २४० घनमीटर असेल तर ट्रान्समिसिव्हिटी T साधारण ४० चौ.मी./दिवस.

पहिल्या काही मिनिटांचे पॉइंट रेषेत धरू नका, तेव्हा बोअर नुसती भरत असते, आणि नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह नसेल तर पाइपातलं पाणी परत खाली येऊन पातळी उगाच चढलेली दिसते. मोठ्या व्यासाच्या खोदलेल्या विहिरीला ही रीत लावू नका, तिथं उपसलेलं बरंच पाणी विहिरीत साठलेलंच असतं.