पेशींवर चाललेलं औषध शरीरात चालेल का? मात्रा तपासताना या चुका टाळा

एप्रिल २०२० मध्ये मेलबर्नच्या संशोधकांचा एक निबंध आला. सेल कल्चरमध्ये, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींत, आयव्हरमेक्टिन हे परजीवींवरचं औषध घातल्यावर ४८ तासांत कोरोना विषाणूचा आरएनए सुमारे ५,००० पटीने घटला होता. पुढे मे २०२१ मध्ये गोवा सरकारने १८ वर्षांवरील सर्वांना हेच औषध रोज १२ मिलिग्रॅम, पाच दिवस, अशी योजना जाहीर केली. निबंधातला प्रयोग नीट झाला होता. अडचण होती ती मात्रेत, आणि ती कागद-पेन्सिल घेऊन दहा मिनिटांत दिसते.

एककं न बदलताच तुलना करणं

ही सर्वांत साधी आणि सर्वांत जास्त होणारी चूक. प्रयोगशाळेतली मात्रा मायक्रोमोलरमध्ये, म्हणजे लिटरमागे रेणूंच्या संख्येत असते, तर रक्तातली बहुधा वजनात, नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरमध्ये. निबंधात ५ मायक्रोमोलर वाचलं की आकडा किरकोळ वाटतो. नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरला रेणुभाराने भागलं की थेट मायक्रोमोलर मिळतात. मात्र औषध क्षाराच्या रूपात असेल, तर आकडा क्षाराचा आहे की मूळ रेणूचा, हे पाहून घ्या.

रक्तातला आकडा औषधाच्या माहितीपत्रकात 'फार्माकोकायनेटिक्स' या भागात सापडतो. १२ मिलिग्रॅम आयव्हरमेक्टिन पोटात घेतल्यावर प्लाझ्मातली, म्हणजे रक्ताच्या द्रव भागातली, सर्वोच्च पातळी सरासरी ४६.६ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर आहे. रेणुभार ८७५. म्हणजे ०.०५३ मायक्रोमोलर.

आता दुसरी बाजू. विषाणूची वाढ निम्म्यावर आणायला कल्चरमध्ये २ ते ३ मायक्रोमोलर लागले होते. औषधाला झुकतं माप देऊन २ धरले, तरी शरीरातली पातळी ३८ पट कमी पडते. तुलनेसाठी हाच आकडा घ्यावा, ५ मायक्रोमोलर नव्हे. ती फक्त प्रयोगात सर्वांत ठळक परिणाम दाखवणारी मात्रा होती.

एकूण औषध आणि मोकळं औषध एकच समजणं

रक्तातलं सुमारे ९३ टक्के आयव्हरमेक्टिन प्रथिनांना चिकटलेलं असतं. पेशीत शिरतं ते उरलेलं ७ टक्के, म्हणजे ०.००४ मायक्रोमोलरच्याही आत. कल्चरच्या माध्यमात सीरम, म्हणजे प्रथिनं असलेला रक्तातला द्रव, साधारण १० टक्के किंवा त्याहून कमी असतं, त्यामुळे तिथे मोकळ्या औषधाचा वाटा बराच मोठा राहतो. म्हणून ३८ पटींचं अंतर हा खरं तर सौम्य अंदाज आहे. सीरम किती होतं हे 'पद्धती' विभागात शोधा. एक गोष्ट उलट दिशेनेही जाते: असं तेलकट औषध प्लॅस्टिकच्या प्लेटलाही चिकटतं, आणि पेशींना प्रत्यक्षात लिहिलेल्यापेक्षा कमी मिळालेलं असू शकतं. माध्यमातली पातळी मोजलेली नसेल, तर लिहिलेली मात्रा ही फक्त घातलेली मात्रा समजावी.

"मग डोस वाढवू" म्हणणं

निरोगी स्वयंसेवकांना १२० मिलिग्रॅमपर्यंत आयव्हरमेक्टिन देऊन पाहिलेलं आहे. तेव्हाही सर्वोच्च पातळी २४८ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या आसपास होती, म्हणजे ०.२८ मायक्रोमोलर. दहापट डोस देऊनही सातपट अंतर उरतंच. रोज घेऊन औषध साठेल, हा युक्तिवादही तपासता येतो. अर्धायुष्य सुमारे १८ तास धरलं, तर दर २४ तासांनी घेतल्यावर पातळी पावणेदोन पटीपलीकडे जात नाही. शिवाय शरीरात सर्वोच्च पातळी काही काळच टिकते. डिशमधल्या पेशी मात्र दोन दिवस त्याच द्रवात बुडून असतात.

"फुप्फुसात जास्त साठतं" इथेच थांबणं

गुरांमध्ये फुप्फुसातलं आयव्हरमेक्टिन प्लाझ्माच्या साधारण अडीचपट आढळलं आहे. बरं, मानू. ३८ ला अडीचने भागा: १५ पट अंतर शिल्लक. आणि ऊतक वाटून केलेल्या मोजणीत चरबीत व पेशीपटलांत अडकलेलं औषधही धरलं जातं, जे विषाणूपर्यंत पोहोचेलच असं नाही. "साठतं" म्हणणाऱ्याला नेहमी किती पट, कोणत्या प्राण्यात आणि मोकळं किती, हे विचारावं.

प्लाझ्माचाच गज सगळीकडे लावणं

ही उलट्या बाजूची चूक. त्वचेवरचं मलम, डोळ्यातले थेंब, श्वासातून घेतलेलं औषध यांची जागेवरची पातळी रक्तापेक्षा कितीतरी जास्त असू शकते. आतड्याच्या पोकळीसाठी डोस २५० मिलिलिटर पाण्यात विरघळला असं धरून अंदाज काढतात. १२ मिलिग्रॅमसाठी तो ५५ मायक्रोमोलर येतो, पण आयव्हरमेक्टिन पाण्यात इतकं विरघळतच नाही. इथेही कागदावरचा आकडा फसवतो. एखादी यंत्रणा समजून घेण्यासाठी मुद्दाम जास्त मात्रा वापरणंही गैर नाही. फक्त त्या निकालावरून रुग्णाचा डोस काढता येत नाही.