आई-वडील गेल्यावर कामावर परतलेल्या सहकाऱ्याला मेसेज करताय? या चुका टाळा

नागपुरात घरचं कोणी गेलं की तेरवीपर्यंत माणूस एकटा पडत नाही. मोक्षधाम किंवा अंबाझरी घाटावर माणसं जमतात, कोणी अस्थी घेऊन रामटेकच्या अंबाळा तलावावर सोबत जातं, रोज संध्याकाळी चारदोन जण येऊन सतरंजीवर बसतात. आई कशी गेली, शेवटचं काय बोलली, हे तो माणूस पुन्हापुन्हा सांगतो आणि समोरचे ऐकून घेतात. मग सुट्टी संपते. सोमवारी सकाळी तो बुटीबोरीच्या कंपनीच्या बसमध्ये चढतो. डोक्याचे केस काढलेले सगळ्यांना दिसतात, पण कोणी काही बोलत नाही. "आला का? बरं झालं, मंथ एंडचं पेंडिंग आहे" एवढंच होतं.

सहकारी निर्दयी असतात म्हणून असं होत नाही. विषय काढला तर याला रडू येईल आणि आपल्याला काही सुचणार नाही, ही भीती बहुतेकांच्या मनात असते. आठवण करून दिल्यासारखं होईल असंही वाटतं. पण आई जाऊन पंधरा दिवस झालेल्या माणसाला आठवण करून द्यावी लागत नाही. उलट सगळे गप्प असले की त्याला वाटतं, इथे हे बोलायचंच नाही. अशा ऑफिसात एकाच माणसाने पाठवलेला चार ओळींचा मेसेजही मोठा आधार होतो. मात्र तो चुकीच्या वेळी गेला किंवा त्यातले शब्द चुकले तर त्रासच वाढतो.

आमच्या इथल्या अकाउंट्समध्ये एका सीनियर ताईंची आई गेली. किडनीचा आजार होता, बरेच महिने डायलिसिस चालू होतं. ताई कामावर आल्या त्या दिवशी त्यांच्या शेजारच्या टेबलावरच्या मुलाने मला मोबाइल दाखवला. "दादा, हे पाठवू का?" असं त्याने विचारलं. मेसेज असा होता:

"ताई, आईंबद्दल ऐकून खूप वाईट वाटलं. ईश्वर त्यांच्या आत्म्यास चिरशांती देवो. स्वतःला सावरा, तुम्ही स्ट्राँग आहात. खूप दिवस त्रास काढला त्यांनी, एका परीने सुटल्या. काहीही मदत लागली तर नक्की सांगा. कशा आहात आता? आणि वेळ मिळेल तेव्हा ते डेबिट नोटचं बघाल का?"

पोराचं मन चांगलं होतं. पण या सात ओळींत बहुतेक सगळ्या नेहमीच्या चुका होत्या.

शेवटच्या ओळीपासूनच सुरुवात करू. सांत्वनाच्या मेसेजच्या शेपटीला काम जोडलं की वरचं सगळं प्रस्तावना होऊन जातं. वाचणाऱ्याला वाटतं, याला डेबिट नोट हवी होती म्हणून आईचं नाव काढलं. तुमच्या मनात तसं नसेलही, पण मेसेजमध्ये मन दिसत नाही, शब्दांचा क्रम दिसतो. कामाचं बोलायचं असेल तर दुसऱ्या दिवशी समोरासमोर बोला.

"एका परीने सुटल्या" हे वाक्य ताईंनी स्वतः म्हटलं तर ते खरं आहे. बाहेरच्याने म्हटलं की ते टोचतं. आठवड्यातून दोनतीनदा आईला डायलिसिसला नेऊन रात्री जीएसटीच्या नोंदी पूर्ण करणाऱ्या बाईला सुटका आणि अपराधीपणा एकाच वेळी वाटत असतो. त्यातल्या नेमक्या सुटकेवर आपण बोट ठेवायचं नाही. "वय झालंच होतं", "देवाची इच्छा", "जे होतं ते चांगल्यासाठी" हीसुद्धा त्याच घरातली वाक्यं. यांत दुःख समजावून सांगून लहान करण्याचा प्रयत्न असतो, आणि तो ज्याचं दुःख आहे त्याला लगेच कळतो. "तुम्ही स्ट्राँग आहात" याचा अर्थही शेवटी "इथे रडू नका" असाच पोचतो.

आता "ईश्वर आत्म्यास शांती देवो". हे आपल्या बोटांना इतकं सवयीचं झालंय की विचार न करता टाइप होतं. पण नागपुरात लिहिताना क्षणभर थांबायला हवं. १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर डॉ. आंबेडकरांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांमध्ये श्राद्धपक्ष आणि पिंडदान न करण्याची प्रतिज्ञा आहे. तुमच्या ऑफिसातल्या कितीतरी घरांत तेरवी होत नाही, पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होतो. ईश्वर आणि आत्मा हे त्या घरचे शब्दच नाहीत. "तेरवी झाली का?" हा प्रश्नसुद्धा तिथे परकेपणाचा वाटतो. मुस्लिम किंवा ख्रिस्ती सहकाऱ्यालाही हे सरसकट लागू होत नाही. घरची पद्धत नक्की माहीत असेल तर तिचे शब्द वापरा, नाहीतर धर्माकडे न जाता थेट माणसाबद्दल लिहा.

"काहीही मदत लागली तर सांगा" यात वाईट काही नाही, पण त्यातून काही निघत नाही. काय मागायचं, कोणाकडे, किती, हे ठरवायचं ओझं त्यांच्यावरच पडतं. आणि जिथे दुःखाचं नावच निघत नाही तिथे मदत कोण मागणार? त्यापेक्षा एकच ठरलेलं काम आपणहून घ्यावं. मी त्या मुलाला विचारलं, "या महिन्यात त्यांचं असं काय आहे जे तुला येतं?" तो म्हणाला, "अकरा तारखेचं विक्रीचं विवरण." झालं, तेच लिहायचं. मात्र सगळं काम काढून घ्यायचं नाही. काही माणसं घरातल्या रिकाम्या पलंगापासून दूर राहता यावं म्हणूनच कामावर लवकर येतात. त्यांच्या हातातलं कामच गेलं तर दिवस काढायचा कसा? म्हणून नाही म्हणायला जागा ठेवावी.

"कशा आहात?" याचं उत्तर देणं अवघड असतं. खरं सांगितलं तर लांबतं, "ठीक" म्हटलं तर खोटं होतं. प्रश्नच ठेवू नका. त्याऐवजी गेलेल्या माणसाबद्दल एखादी खरी, छोटी गोष्ट लिहा, आणि हाच सबंध मेसेजचा जीव आहे. आई प्रत्यक्ष भेटल्या नसतील तरी ऑफिसात त्यांची काही ना काही खूण असते. डबा असतो, फोन असतो, स्वेटर असतो. त्या मुलाला आठवलं की हिवाळ्यात ताई आईच्या हातच्या सांबारवड्या आणायच्या आणि सगळी अकाउंट्स त्यांच्या टेबलाभोवती जमायची.

शेवटी गेलेला मेसेज असा:

"ताई, आई गेल्याचं कळलं, फार वाईट वाटलं. आज ऑफिसात सगळ्यांसमोर बोलावंसं वाटलं नाही म्हणून लिहितोय. त्यांच्या हातच्या सांबारवड्या आम्ही सगळ्यांनी खाल्ल्यात, त्या अजून आठवतात. अकरा तारखेचं विवरण या महिन्यात मी तयार करतो, तुम्ही फक्त शेवटी बघून घ्या. स्वतःच करावंसं वाटलं तर तसं सांगा, मी हात लावणार नाही. या मेसेजला उत्तर द्यायची गरज नाही."

"दुःखद निधन" नाही, "भावपूर्ण श्रद्धांजली" नाही. बोलताना जसं बोलला असता तसं लिहिलं. शेवटची ओळ मात्र गाळू नका. परतलेल्या माणसाच्या मोबाइलवर शेकडो मेसेज तुंबलेले असतात आणि प्रत्येकाला हात जोडलेलं चित्र पाठवणं हेही एक काम होऊन बसतं.

पाठवण्याच्या वेळेबद्दल लोक फारसा विचार करत नाहीत. ड्युटीच्या वेळेत पाठवू नका. टेबलावर बसल्या बसल्या मेसेज वाचून डोळे भरले तर सगळ्यांच्या नजरा वळतात, आणि नेमकी त्याचीच त्या माणसाला सकाळपासून धास्ती असते. पहिल्या दिवसाची संध्याकाळ, घरी पोचल्यावरची, बरी. ग्रुपवर तर अजिबात नको. निधनाच्या दिवशी ग्रुपवर श्रद्धांजलीची रांग लागली ते समजू शकतं, पण परतल्यावर तिथे पुन्हा तीच रांग लावली तर त्या माणसाला सगळ्यांसमोर एकेकाचे आभार मानत बसावं लागतं.

मेसेज गेल्यावरही गडबडी होतात. निळ्या खुणा दिसल्या, उत्तर नाही: काहीही करू नका. "मिळाला ना?" असं विचारलं की उत्तराची गरज नाही हे तुमचं वाक्य खोटं ठरतं. फक्त "थँक्स" आलं तर तोही पूर्ण संवाद आहे, त्यावर दुसरा मेसेज नको. दुसऱ्या दिवशी समोर आल्यावर मात्र नजर चुकवू नका, नेहमीसारखा नमस्कार करा. त्या स्वतःहून बोलू लागल्या तर हातातलं काम बाजूला ठेवून ऐका. तुमचे वडील गेले तेव्हा काय झालं होतं हे त्या वेळी सांगायचं नाही. त्या विचारतील तर सांगा. रडू आलं तर "रडू नका" म्हणू नका. पाण्याची बाटली पुढे करा आणि गरज वाटली तर कॅन्टीनच्या मागच्या बाजूला त्यांच्यासोबत जा.

केस काढलेल्या माणसाला "काय, तिरुपती का?" असं विचारणारे अजून भेटतात. माहीत नसेल तर आधी शेजारच्याला विचारा.

महिना उलटून गेला आणि काहीच पाठवलं नाही, आता कसं पाठवू? पाठवा. उशिराबद्दल एक अर्धी ओळ पुरे, "लिहायला उशीर झाला" एवढीच. त्यापुढे आपल्या संकोचाची कहाणी सांगितली तर त्यांनाच तुमची समजूत काढावी लागते. खरं तर उशिराचा मेसेज अनेकदा जास्त उपयोगी पडतो, कारण पहिले पंधरा दिवस सगळे असतात आणि नंतर कोणी नसतं. पितृपक्षात, अक्षय्य तृतीयेला, घरातल्या पहिल्या दिवाळीला एक ओळ लिहिली तरी पोचते. बौद्ध सहकारी असेल तर हे दिवस सोडा आणि आई गेल्याची तारीख लक्षात ठेवा.

तुम्ही साहेब असाल तर आणखी एक काळजी घ्या. खासगी नोकरीत अशा वेळी वेगळी रजा देण्याची कायद्याने सक्ती नाही, त्यामुळे माणूस आपली अर्जित रजा मोडून बसलेला असतो आणि परतल्या दिवशी एचआरकडून मेल येते: मेडिक्लेममधून आईचं नाव कमी करण्यासाठी मृत्यू प्रमाणपत्र जोडा. हे कागद लागतात, पण ते पहिल्याच दिवशी लागत नाहीत. तुमच्या मेसेजमध्ये त्यांचा उल्लेख करू नका. एचआरला आठवडाभर थांबायला सांगा, अर्ज आधीच भरून ठेवा म्हणजे त्यांना आईचं नाव कमी करायच्या रकान्यात स्वतःच्या हाताने लिहावं लागणार नाही, फक्त सही करावी लागेल. महापालिकेच्या कामासाठी अर्धा दिवस लागेल हे धरून त्या आठवड्यात त्यांच्या नावावर मीटिंग लावू नका.