इयरबुकसाठी सगळ्या मुलांची एकसारखी रेखाचित्रं: आधी डोळे जुळवले

डिचोलीजवळच्या आमच्या शाळेत मुलांचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर आले. कुणाचा पासपोर्ट, कुणाचा चतुर्थीतला माटोळीखालचा, कुणाचा ग्रुपमधून कापलेला. स्टेबल डिफ्युजन या चित्रं बनवणाऱ्या एआय मॉडेलच्या इमेज-टू-इमेज बॅचमध्ये, म्हणजे फोटोंवरून एकगठ्ठा चित्रं करण्याच्या सोयीत, ते थेट टाकले तर शैली एकच येते, पण चेहरे लहानमोठे आणि कलते राहतात. म्हणून आधी पायथन स्क्रिप्टने प्रत्येक फोटोतले डोळे शोधले, फोटो फिरवून ते आडव्या रेषेत आणले आणि ५१२ × ६४० च्या चौकटीत दोन डोळ्यांतलं अंतर १२० पिक्सेल केलं. पार्श्वभूमी सगळ्यांची एकाच फिक्या रंगाची.

मग सगळ्यांना एकच प्रॉम्प्ट आणि एकच सीड, म्हणजे चित्राची सुरुवात ठरवणारा आकडा. खरा प्रश्न डीनॉइझिंग स्ट्रेंग्थचा, म्हणजे मॉडेलने मूळ फोटो किती बदलायचा याचा. ०.६ वर चित्र देखणं येतं, पण मूल दुसरंच वाटतं: रंग उजळतो, चष्मा आणि टिकली गायब होते. हे मला अजिबात मान्य नव्हतं. ०.३५ वर ओळख टिकली.

सातवीतल्या एका मुलीच्या मूळ फोटोत डोळ्यांतलं अंतर जेमतेम ४० पिक्सेल होतं. तिप्पट मोठा केल्यावर चेहरा धूसर झाला, आणि मॉडेलने रिकाम्या जागी स्वतःचंच नाक भरलं. अशा वेळी स्ट्रेंग्थ कमी करून उपयोग नसतो, धूसरपणा तसाच राहतो. अंतर ६० पिक्सेलपेक्षा कमी असलेले फोटो स्क्रिप्टनेच वेगळे काढले आणि त्या मुलांचे फोटो खिडकीच्या उजेडात नव्याने घेतले.

शेवटी मूळ फोटो आणि चित्र शेजारीशेजारी छापून वर्गशिक्षिकांना दिलं. सगळं शाळेच्याच संगणकावर चालवलं, मुलांचे फोटो बाहेर कुठेही चढवले नाहीत.