स्विचचा पोर्ट नेमका किती भरलाय? एसएनएमपीवरून मोजायची पद्धत

"नेट स्लो आहे" अशी बोंब झाली की आपण अपलिंक पोर्टकडे बोट दाखवतो, पण तो खरंच भरलाय का ते मोजत कुणीच नाही. स्विच टक्केवारी देतच नाही, तो फक्त आजवर किती बाइट गेले-आले त्याचा चढता आकडा ठेवतो, गाडीच्या किलोमीटर मीटरसारखा. म्हणजे दोनदा वाचायचं आणि वजाबाकी करायची.

आधी स्विचवर एसएनएमपी व्हर्जन २सी, फक्त वाचण्यापुरतं, चालू करा. मग पोर्टचा इंडेक्स शोधा, कारण २४ नंबरच्या पोर्टचा इंडेक्स २४च असेल असं अजिबात नाही:

```
snmpwalk -v2c -c COMMUNITY 192.168.1.10 1.3.6.1.2.1.31.1.1.1.1
```

समजा `Gi1/0/24` समोर 10124 आलं. आता स्विचचं घड्याळ, इन आणि आउट हे तिन्ही एकाच कमांडमध्ये मागवा, पाचेक मिनिटांनी परत तेच:

```
snmpget -v2c -c COMMUNITY 192.168.1.10 \
 1.3.6.1.2.1.1.3.0 \
 1.3.6.1.2.1.31.1.1.1.6.10124 \
 1.3.6.1.2.1.31.1.1.1.10.10124
```

पहिल्या ओळीत कंसातला आकडा म्हणजे सेकंदाचे शंभरावे भाग. वेळ त्यावरूनच धरा, आपल्या घड्याळावरून नको. समजा तो ३०,००० ने वाढला, म्हणजे ३०० सेकंद, आणि इन ७५० कोटी बाइटने वाढला. बाइटचे बिट करायला गुणिले ८ (हे विसरलं की उत्तर आठपट कमी येतं, मी विसरलोय), भागिले ३००, झाले २० कोटी बिट दर सेकंदाला, म्हणजे २०० एमबीपीएस. पोर्ट १ जीबीपीएसचा, तर वापर २० टक्के. पोर्टचा स्पीड `ifHighSpeed` मध्ये एमबीपीएसमध्येच मिळतो.

आता खरी गोम. नेटवरच्या बऱ्याच जुन्या स्क्रिप्ट `ifInOctets` वाचतात, तो ३२ बिटचा काउंटर आहे आणि ४२९,४९,६७,२९६ बाइट झाले की शून्यावर येतो, १ जीबीपीएसची लाइन पूर्ण भरून वाहत असेल तर साधारण ३४ सेकंदांतच. वरच्याच उदाहरणात तो मधे एक फेरी मारून आला असता, फरक ३२०,५०,३२,७०४ दिसला असता आणि वापर निघाला असता साडेआठ टक्के. एरर नाही, उणे आकडा नाही, चुकीचा असून अगदी खरा वाटणारा आकडा! म्हणून वर ६४ बिटवाले `ifHCInOctets` आणि `ifHCOutOctets` घेतलेत, ते व्हर्जन १ मध्ये मिळत नाहीत.

इन आणि आउट बेरीज करू नका, फुल डुप्लेक्समध्ये दोन्ही दिशांना वेगवेगळा १ जीबीपीएस असतो, जो जास्त तो धरा. आणि इन म्हणजे स्विचमध्ये येणारा, त्यामुळे कुणाच्या पीसीवर डाउनलोड चालू असेल तर ते त्याच्या पोर्टच्या आउटमध्ये दिसतं.

घड्याळाचा आकडा आधीपेक्षा कमी आला तर बहुतेक स्विच रीबूट झालाय, ते वाचन सोडून द्या. आणि ३०० सेकंदांची सरासरी २० टक्के असली तरी मधे १० सेकंद पोर्ट ठासून भरलेला असू शकतो. तसा संशय आला तर ३० सेकंदांवर या, पण दर सेकंदाला विचारू नका, काही स्विच काउंटर काही सेकंदांनीच ताजे करतात, मग एकदा शून्य आणि एकदा शंभराच्या वर असला भलताच ग्राफ दिसतो.