रेकॉर्डिंगआधीचं शेवटचं वाचन: स्क्रिप्टची चेकलिस्ट कशी बनवावी

स्टुडिओत निवेदक माइकसमोर उभा आहे आणि आकडा कसा वाचायचा यावर काचेपलीकडे चर्चा चालू आहे, हे दृश्य बहुतेक रेकॉर्डिंगमध्ये दिसतं. स्टुडिओचं भाडं तासावर असतं, त्यामुळे ही चर्चा महाग पडते. ती आदल्या दिवशी उरकण्यासाठी एका पानाची चेकलिस्ट पुरते. त्यात चारच खाने ठेवा: आकडे, नावं, श्वास आणि मंजुरी. क्रमही हाच ठेवा. त्याचं कारण पुढे येईलच.

उदाहरणाला लोणार सरोवरावरच्या तीन मिनिटांच्या माहितीपटाचं निवेदन घेऊ. मराठी निवेदन सावकाश चाललं तर मिनिटाला साधारण 110 ते 130 शब्द बसतात, म्हणजे स्क्रिप्ट साडेतीनशे शब्दांच्या आसपास. त्यातलं हे एक वाक्य:

«बुलढाणा जिल्ह्यातील लोणार येथे असलेले व बेसाल्ट खडकात उल्कापाताने तयार झालेले सुमारे 1.8 किमी व्यासाचे हे खाऱ्या पाण्याचे सरोवर 2020 साली रामसर स्थळ म्हणून घोषित करण्यात आले.»

कागदावर हे ठीक दिसतं. आता ते एकेका खान्यातून काढू.

आकडे

स्क्रिप्टमधला प्रत्येक आकडा रंगीत पेनने गोल करा आणि समासात तो अक्षरात लिहा, अगदी जसा बोलायचा आहे तसा. 1.8 किमी म्हणजे ‘एक पूर्णांक आठ किलोमीटर’, ‘एक पॉइंट आठ’ की ‘जवळजवळ दोन’? तिन्ही चालतात, पण पूर्ण स्क्रिप्टभर एकच पद्धत हवी. दशांशचिन्हानंतर दोन अंक असतील तर ते सुटे वाचायचे: 1.85 म्हणजे ‘एक पूर्णांक आठ पाच’, ‘पंच्याऐंशी’ नव्हे. किमी, इ.स.पू. अशी संक्षेपं वाचनप्रतीत ठेवूच नका, पूर्ण शब्द लिहा.

मराठीत दोन अंकी संख्येत एकक आधी येतं, त्यामुळे इंग्रजीत विचार करून टाइप करणाऱ्याच्या हातून 25 आणि 52 यांची अदलाबदल सहज होते. एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी ही मंडळीही धोक्याची. डोळ्यांना 69 दिसतं आणि तोंडातून एकोणसाठ जातं. म्हणून आकडे एकट्याने तपासू नका. एकाने मूळ संदर्भातून मोठ्याने वाचावं, दुसऱ्याने वाचनप्रतीवर टिक करावी.

मग आकड्याचा अर्थ तपासा. वरच्या वाक्यात इथेच खोट आहे. 1.8 किलोमीटर हा विवराचा, म्हणजे काठापासून काठापर्यंतचा व्यास. तळाशी असलेलं सरोवर त्याहून लहान आहे. लांबलचक विशेषणांच्या रांगेत तो आकडा सरोवराला जाऊन चिकटला. प्रत्येक गोलापुढे ‘हा आकडा नेमका कशाचा?’ असं लिहून उत्तर भरलं की अशी चूक लपत नाही.

लोणारचं वय हा तर खास सापळा. जुन्या मोजणीतून सुमारे 52 हजार वर्षं असा आकडा आला, नंतरच्या आर्गॉन पद्धतीच्या मोजणीतून सुमारे 5 लाख 70 हजार. दोन्ही आकडे छापील मजकुरात फिरतात. एका परिच्छेदात एक आणि शेवटी दुसरा असं झालं तर सगळं निवेदनच संशयास्पद वाटतं. कोणती मोजणी घेतली हे चेकलिस्टवर नोंदवा. दुसरा आकडा घेतलात तर समासात ‘पाच लाख सत्तर हजार’ लिहा. परदेशी लेखातून उचललेलं 570,000 तसंच राहिलं तर ऐनवेळी स्वल्पविराम बघून निवेदक अडखळतो.

नावं

व्यक्ती, गावं, देवळं, संस्था यांची वेगळी यादी काढा. प्रत्येकापुढे दोन गोष्टी: शुद्धलेखन आणि उच्चार. बुलढाणा आणि बुलडाणा ही दोन्ही रूपं लिखाणात दिसतात. एक निवडा आणि पडद्यावरच्या पाटीतही तेच ठेवा. लोणारचं दैत्यसूदन मंदिर घाईत ‘दैत्यसुदान’ होतं. ‘रामसर’ हे इराणमधल्या शहराचं नाव, 1971 मध्ये पाणथळ जागांचा करार तिथे झाला. ‘राम’वर थांबून वाचलं तर कुणा शिक्षकाचा उल्लेख वाटतो.

मराठीत च, ज, झ यांचे दोन उच्चार असतात आणि देवनागरीत ते वेगळे दिसत नाहीत. जालन्यातला ज ‘जवळ’मधल्यासारखा, ‘जलाशया’तला मात्र वेगळा. उच्चारासाठी खास चिन्हं शोधत बसू नका; पुढे ओळखीचा शब्द लिहा, ‘ज = जवळ’. गावाच्या नावाबद्दल शंका असेल तर त्या गावच्या माणसाला फोनवर ते नाव म्हणायला सांगा आणि ध्वनिफीत निवेदकाला पाठवा.

श्वास

आता मोठ्याने वाचा, उभं राहून. मनातल्या मनात वाचताना श्वास लागत नाही, म्हणून मनातलं वाचन धरायचं नाही. छोट्या थांब्याला एक तिरकी रेघ, पूर्ण श्वासाला दोन. दोन श्वासांमध्ये 12 ते 15 शब्दांपेक्षा जास्त गेलं की शेवटची अक्षरं दबतात, आणि मराठीत क्रियापद शेवटी असल्याने नेमकं तेच गिळलं जातं. वरचं वाक्य 27 शब्दांचं आहे, शिवाय कुठेही रेघ मारली तरी विशेषण एकीकडे आणि सरोवर दुसरीकडे. अशा वाक्यात श्वासाची जागा शोधायची नसते, ते फोडायचं असतं:

«लोणारचं विवर / बुलढाणा जिल्ह्यात आहे. // बेसाल्टच्या खडकावर / उल्का आदळून ते तयार झालं. // विवराचा व्यास आहे / सुमारे एक पूर्णांक आठ किलोमीटर. // तळाशी खाऱ्या पाण्याचं सरोवर आहे. // दोन हजार वीस साली / त्याला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. //»

आकडा आणि त्याचं एकक यांच्यामध्ये रेघ नको, नाव आणि आडनाव यांच्यामध्येही नको. वाक्य पान उलटताना तुटत असेल तर पूर्ण वाक्य पुढच्या पानावर ढकला, नाहीतर कागदाची सळसळ रेकॉर्ड होते.

मंजुरी

मंजुरी शेवटी का, ते आता दिसेल. श्वासासाठी वाक्य फोडलं की मजकूर बदलतो. अनेक जण आधी तज्ज्ञाची आणि ग्राहकाची सही घेतात, मग वाचन करतात, आणि स्टुडिओत गेलेला मजकूर कुणीच मंजूर केलेला नसतो. म्हणून रेघा मारलेली, आकडे अक्षरात असलेली वाचनप्रतच मंजुरीला पाठवा.

कोणी काय मंजूर करायचं हे वेगवेगळं लिहा: भूशास्त्रज्ञाने तथ्यं, ग्राहकाने शब्द आणि नावं, निर्मात्याने लांबी. सगळ्यांना ‘एकदा बघून घ्या’ म्हटलं की प्रत्येकाला वाटतं, दुसऱ्याने पाहिलं असेल. व्हॉट्सॲपवरचा अंगठा मंजुरी धरू नका. उत्तरात आवृत्तीचा क्रमांक हवा: ‘आवृत्ती 4, तथ्यं तपासली, मंजूर.’ तोच क्रमांक आणि तारीख प्रत्येक पानाच्या तळाशी छापा. निवेदकाच्या हातातला कागद आणि ध्वनिमुद्रकासमोरची प्रत यांचे क्रमांक रेकॉर्डिंग सुरू करण्याआधी मोठ्याने वाचून जुळवा.

मंजुरीनंतर बदल आलाच, तर पेनने खाडाखोड न करता आवृत्ती 5 काढा. फक्त बदललेलं वाक्य संबंधिताकडे परत पाठवा आणि त्या वाक्याला चारही खाने पुन्हा लावा. आदल्या रात्री एक शब्द वाढला की बहुतेक वेळा श्वासाची रेघ चुकीच्या जागी पडलेली असते.