मीडियम सर्टिफिकेट आहे, मग आयईएलटीएस कशाला? बेळगावकडच्या मुलांनी या चुका टाळा

बेळगावातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या ऑफिसात माझी बरीच वर्षं गेली. मार्च उजाडला की खिडकीशी ठरलेलं वाक्य ऐकू यायचं, "काका, मीडियमचं सर्टिफिकेट पाहिजे होतं." चार वर्षांचं शिक्षण इंग्रजीतून झालं, असं लिहून दिलेलं हे एक पान. त्याच्या जोरावर परदेशातलं विद्यापीठ इंग्रजीची परीक्षा माफ करतं आणि आयईएलटीएसचे सतरा-अठरा हजार वाचतात. माफी खरोखर मिळते, यात खोटं काही नाही. पण त्या पानाच्या भरवशावर मुलं काय काय गृहीत धरतात, ते मी जवळून बघितलं आहे. काही चुका तर आमच्या ऑफिसच्याच होत्या.

खानापूर तालुक्यातल्या एका मुलाची गोष्ट सांगतो. दहावीपर्यंत मराठी माध्यम, पीयूसी सायन्स बेळगावात, मग व्हीटीयूची बी. ई. त्यानं एम. एस्सी.साठी इंग्लंडातल्या दोन आणि ऑस्ट्रेलियातल्या एका विद्यापीठाकडे अर्ज केला होता. जवळजवळ सगळे खड्डे त्याच्या वाटेत आले.

चूक पहिली: शाळा मराठी म्हणून आधीच हार मानणं

त्याची पहिली भीती होती, "मी मराठी शाळेतला, मला कुठली माफी?" मास्टर्सच्या माफीसाठी बहुतेक विद्यापीठं शेवटची पदवी कुठल्या माध्यमातून झाली तेवढंच बघतात. मराठी शाळा आड येत नाही आणि लपवायचीही गरज नसते.

अडचण येते ती बी. ए., बी. कॉम. केलेल्या काही मुलांना. कॉलेजात वर्गाला नाव इंग्रजी माध्यमाचं, पण पेपर लिहिले कन्नडमध्ये, अशी मुलं आपल्याकडे आहेत. त्यांना इंग्रजी माध्यमाचं पत्र देता येत नाही, आणि कुणी ओळखीवर दिलं तरी घेऊ नये. खोटा कागद सापडला तर इंग्लंडचा व्हिसा नाकारला जातोच, शिवाय फसवणुकीच्या शेऱ्यामुळे दहा वर्षांपर्यंत दार बंद होऊ शकतं.

चूक दुसरी: बारावीचे टक्के आणि इंग्रजीचे मार्क एकच समजणं

इंग्लंडातली बरीच विद्यापीठं माफीसाठी आणखी एक वाट देतात, ती म्हणजे बारावीच्या इंग्रजी विषयाचे मार्क. या मुलाला पीयूसीला एकूण ९१ टक्के होते, म्हणून तो निर्धास्त होता. मार्ककार्ड काढायला लावलं तर इंग्रजीत ६८. पीयूसीला दोन भाषा आणि चार विषय मिळून सहाशे मार्क असतात. दुसरी भाषा संस्कृत घेऊन तिथं ९७ पडले की टक्केवारी फुगते, इंग्रजी तिथंच राहतं. विद्यापीठ बघतं ते ६८.

त्यातही बोर्डाबोर्डांत फरक करतात. सीबीएसईला ७० चालतील आणि राज्य बोर्डाला जास्त लागतील, असं अनेकदा असतं. काही राज्यांची बोर्डं काही विद्यापीठं मुळीच धरत नाहीत. सीमाभागात हे फार लागू पडतं. निपाणीकडची कितीतरी मुलं पलीकडे कागल-कोल्हापुरात बारावी करतात, म्हणजे त्यांचं बोर्ड महाराष्ट्राचं. शेजारच्या घरातल्या मुलाला पीयूसीवर माफी मिळाली म्हणून आपल्यालाही मिळेल, असं नसतं. यादीत आपल्या बोर्डाचं नाव स्वतः शोधावं. बारावी होऊन किती वर्षं झाली याचीही अट असते, तीही तिथंच सापडते.

६८ वर कुठंच भागत नव्हतं. राहिलं मीडियमचं पत्र.

चूक तिसरी: दोन ओळींचं पत्र

इथं मी जरा रेंगाळणार आहे, कारण हे माझं कामच होतं.

आमच्याकडे जुना साचा होता. 'सदर विद्यार्थी आमच्या कॉलेजात शिकला असून शिक्षणाचे माध्यम इंग्रजी आहे.' खाली सही, शिक्का. या मुलाचं पहिलं पत्र मी याच साच्यात दिलं. इंग्लंडच्या एका विद्यापीठानं पंधरा दिवसांनी ते परत पाठवलं. नाव मार्ककार्डावर आडनाव आधी आणि वडिलांच्या नावाचं एकच अक्षर असं होतं, पासपोर्टवर पूर्ण. कुठल्या तारखेपासून कुठपर्यंत शिकला ते नव्हतं. शिकवणं इंग्रजीतून होतं असं लिहिलं होतं, परीक्षाही इंग्रजीतून झाल्या हे नव्हतं. 'माध्यम इंग्रजी आहे' याचा अर्थ इतर कुठली भाषा वापरली नाही असा होतो का, हेही त्यांनी विचारलं होतं.

दुसरं पत्र आम्ही असं केलं: लेटरहेडवर जावक क्रमांक आणि तारीख. पासपोर्टप्रमाणे पूर्ण नाव, आणि मार्ककार्डावरचं नाव त्याच व्यक्तीचं आहे असं एक वाक्य. यूएसएन नंबर, पदवीचं नाव, सुरुवातीचा आणि शेवटचा महिना-वर्ष. मग मुख्य वाक्य, की या पूर्ण काळात शिकवणं, प्रॅक्टिकल, अंतर्गत चाचण्या आणि विद्यापीठाच्या परीक्षा फक्त इंग्रजीतून झाल्या. खाली प्राचार्यांची सही, शिक्का, नाव आणि कॉलेजच्या स्वतःच्या डोमेनचा ईमेल.

व्हीटीयूच्या मुलांसाठी एक बारीक गोष्ट. बी. ई.च्या ट्रान्सक्रिप्टवर सांस्कृतिक कन्नड किंवा बळके कन्नड हा विषय दिसतो. पत्रात 'सर्व विषय इंग्रजीतून' आणि ट्रान्सक्रिप्टवर कन्नड, हे पडताळणाऱ्याच्या नजरेत भरतं. 'कन्नड भाषा विषय वगळता' एवढे शब्द घातले की पत्र खरंही होतं आणि शंकाही उरत नाही.

सही कुणाची, हेही आधी विचारावं. काही विद्यापीठांना प्राचार्यांची सही पुरते, काहींना पदवी देणाऱ्या विद्यापीठाच्या कुलसचिवांचीच लागते. दुसऱ्या प्रकारात अर्ज, फी, फेऱ्या आल्या. ते आठ दिवसांचं काम नव्हे.

चूक चौथी: पत्र गेलं की काम झालं असं मानणं

दुसऱ्या विद्यापीठानं पत्र घेतलं आणि ते खरं आहे का, हे विचारायला कॉलेजला ईमेल टाकला. तो ईमेल आमच्या इनबॉक्समध्ये वीस दिवस पडून होता. परीक्षेच्या नोटिसा, फीच्या तक्रारी, त्यात तोही. मुलगा इकडे वाट बघतोय, पोर्टलवर नुसतं 'पडताळणी सुरू'. शेवटी तो स्वतः ऑफिसात आला, आम्ही शोधलं आणि दहा मिनिटांत उत्तर गेलं. तोवर डिपॉझिट भरायच्या तारखेला चार दिवस उरले होते.

तेव्हापासून मी मुलांना सांगायचो, पत्र नेताना ईमेल कोण उघडतो त्याचं नाव विचारून ठेव आणि पत्र अपलोड केल्यावर आठवड्यानं डोकावून जा. कारकून रागावला तर रागावू दे.

चूक पाचवी: विद्यापीठाची माफी आणि व्हिसाची अट एकच समजणं

'आयईएलटीएसशिवाय परदेश' असे फलक लावणारे ही गोष्ट सांगत नाहीत.

इंग्लंडचं असं आहे, की पदवी किंवा त्यावरच्या कोर्ससाठी चांगली नोंद असलेलं विद्यापीठ विद्यार्थ्याचं इंग्रजी स्वतः तपासू शकतं. कसं तपासलं ते सीएएसमध्ये, म्हणजे व्हिसासाठी विद्यापीठ जे प्रवेशाचं पत्र देतं त्यात, नोंदवतात. म्हणून तिथं मीडियमचं पत्र व्हिसापर्यंत चालतं. पण इंग्रजी कमी पडलं म्हणून त्यांनी आधी प्री-सेशनल कोर्स करायला सांगितला, की नियम बदलतो. तेव्हा व्हिसासाठी मान्य असलेली परीक्षाच लागते. आयईएलटीएस दिली तर ती 'फॉर यूकेव्हीआय' या नावाची. पेपर तोच, पण साधी आयईएलटीएस तिथं चालत नाही. बुकिंग करताना घाईत साधी निवडली की सगळी फी वाया.

ऑस्ट्रेलियानं या मुलाला धक्का दिला. विद्यापीठ माध्यमाचा विचार करायला तयार होतं, पण व्हिसासाठी भारतातलं इंग्रजी माध्यम सूट देत नाही. परीक्षा द्यावीच लागते आणि मार्च २०२४ पासून आयईएलटीएसचा किमान स्कोअर ६.० आहे. मुलानं परीक्षा दिली: ऐकणं ७.५, वाचणं ७, लिहिणं ५.५, बोलणं ६.५. बेरीज २६.५, चारानं भागून ६.६२५, म्हणजे एकूण ६.५. व्हिसाला पुरलं. विद्यापीठाची अट होती एकूण ६.५ आणि कुठल्याही भागात ६ पेक्षा कमी नको. लिहिण्याच्या ५.५ वर गाडी अडली. कॉम्प्युटरवर परीक्षा दिली असेल तर साठ दिवसांच्या आत एकच भाग पुन्हा देता येतो, पण असा स्कोअर सगळी विद्यापीठं घेत नाहीत. त्यानं आधी ईमेल करून विचारलं, होकार आला, मगच पैसे भरले. लिहिण्यात ६.५ मिळाले.

अमेरिकेत माफी विद्यापीठ किंवा विभाग ठरवतो. तिथं फसगत वेगळी आहे. प्रवेशाला माफी मिळते, पण टीचिंग असिस्टंटशिप हवी असेल तर अनेक ठिकाणी बोलण्याच्या परीक्षेचा स्कोअर वेगळा मागतात. फी त्या असिस्टंटशिपवर अवलंबून असेल तर परीक्षा देणंच बरं.

माफी मागायची कधी आणि कशी

अर्ज भरताना, शेवटच्या आठवड्यात नव्हे. नकार आला तर परीक्षेची तारीख मिळायला हवी, आणि जवळ तारीख नसली तर पुण्याला किंवा बेंगळूरला जावं लागतं. परीक्षेला पासपोर्ट मूळच लागतो, आधार चालत नाही. स्कोअर दोन वर्षंच धरतात, म्हणून फार आधीही देऊन ठेवू नये.

प्रवेश विभागाला ईमेल करताना 'मला माफी मिळेल का' असं मोघम विचारलं तर वेबसाइटची लिंक परत येते. त्या मुलानं शेवटी लिहिलेला ईमेल चार वाक्यांचा होता: माझी बी. ई. अमुक विद्यापीठाची, अमुक वर्षी पूर्ण. शिक्षण आणि परीक्षा इंग्रजीतून, पत्र प्राचार्यांच्या सहीचं, सोबत जोडलं आहे. एवढ्यावर इंग्रजीची अट पूर्ण होते का, की कुलसचिवांची सही लागेल? हीच माफी सीएएससाठीही धरली जाईल का?

तिसऱ्या दिवशी 'हो' आलं. ते त्यानं पीडीएफ करून ठेवलं. ऑगस्टमध्ये दुसऱ्याच अधिकाऱ्यानं पुन्हा आयईएलटीएस मागितली, तेव्हा तेच पाठवून दिलं.